सण संपल्यावरच्या सवलतीतील सजावट : मोजमाप, खरेदी, साठवण आणि पुढील वर्षाची मांडणी

सण संपला की दुसऱ्याच दिवशी सजावटीच्या वस्तूंवर मोठी सवलत लागते आणि पिशव्या भरून खरेदी होते. मात्र त्यातील बराच माल पुढच्या वर्षी एक तर कमी पडतो, नाही तर जुन्या सजावटीशी जुळत नाही, किंवा डब्यातून काढल्यावर पेटतच नाही. याचे कारण असे की, या खरेदीत वस्तू विकत घेणे आणि ती वापरून पाहणे यांच्यात जवळजवळ एक वर्षाचे अंतर असते. नेहमीच्या खरेदीत दोन दिवसांत लक्षात येणारी चूक येथे अकरा महिन्यांनी कळते, आणि तोवर वस्तू परत करण्याची मुदत केव्हाच संपलेली असते. म्हणून ही खरेदी आधी कागदावर, मग दुकानात आणि शेवटी घरी तपासून पूर्ण करावी लागते. या लेखात दिव्यांची माळ आणि कृत्रिम पानांची माळ या दोन वस्तूंच्या आधारे ती पद्धत सांगितली आहे, कारण लांबी, रंगछटा आणि साठवण या तिन्ही बाबतींत सर्वाधिक चुका याच दोन वस्तूंमध्ये होतात.

पहिली पायरी : सजावट उतरवण्यापूर्वी मोजमाप

खरेदीची यादी करण्याची योग्य वेळ म्हणजे चालू वर्षाची सजावट अजून जागेवर असतानाची. समोरून एक छायाचित्र दिवसा आणि एक दिवे लावून रात्री काढावे. रात्रीच्या छायाचित्रात अंधारी राहिलेली जागा चटकन दिसते, आणि खरेदी फक्त त्या जागेसाठी करायची असते. त्यानंतर मोजपट्टीने तीन गोष्टी मोजाव्यात : जिथे दिवे हवेत ती लांबी, प्लगपासून पहिल्या दिव्यापर्यंतचे अंतर, आणि दोन सजवलेल्या भागांमधील मोकळे अंतर.

यातील दुसरे माप बहुतेक जण विसरतात. माळेच्या खोक्यावर दिव्यांच्या भागाची लांबी आणि प्लगकडील मोकळ्या तारेची लांबी वेगवेगळी छापलेली असते. प्लग दाराच्या चौकटीपासून अडीच मीटर दूर असेल आणि मोकळी तार दीड मीटरच असेल, तर उरलेला एक मीटर पेटत्या दिव्यांनी भिंतीवर खर्च होतो आणि चौकटीच्या दुसऱ्या टोकाला तेवढीच माळ कमी पडते.

सरळ रेषेतली लांबी आणि माळेची लागणारी लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे ध्यानात घ्यावे. कठड्याच्या पाइपाभोवती माळ गुंडाळायची असेल, तर किती अंतराने वेढा घेतला यावर हिशेब बदलतो. पाइपाचा व्यास ५ सेंटीमीटर, म्हणजे परीघ सुमारे १६ सेंटीमीटर असेल, तर ३० सेंटीमीटरला एक वेढा घेतल्यास माळ सरळ लांबीपेक्षा सुमारे १३ टक्के जास्त लागते. तोच वेढा १५ सेंटीमीटरला घेतला, तर ती ४५ टक्क्यांनी जास्त लागते. माळ झोके देऊन लावायची असल्यास १.२ मीटरच्या अंतरात मध्ये ३० सेंटीमीटर झोक सोडला, तर १.४ मीटर माळ लागते. सूत्रे पाठ करण्याची गरज नाही. सुतळीचा तुकडा हव्या त्या पद्धतीने गुंडाळून किंवा लोंबता धरून पाहावा आणि मग सुतळी मोजावी, हे पुरेसे आहे.

एक उदाहरण, पूर्ण हिशेबासह

एका दाराची चौकट २.१ मीटर उंच आणि १.२ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजू आणि वरची पट्टी मिळून ५.४ मीटर लांबी होते. दारापासून दोन मीटर अंतरावर ३.६ मीटर लांबीचा, ५ सेंटीमीटर व्यासाच्या पाइपाचा कठडा आहे. सवलतीत ५ आणि १० मीटरच्या दिव्यांच्या माळा, तसेच २ मीटरच्या पानांच्या माळा उपलब्ध आहेत.

पहिला विचार असा येतो की, १० मीटरची एकच माळ दारावरून कठड्यापर्यंत नेता येईल. हिशेब केल्यावर हे जमत नाही असे दिसते. दाराला ५.४, मधल्या मोकळ्या जागेला २ आणि कठड्याला विरळ वेढ्यांसह ४.१, असे ११.५ मीटर लागतात. शिवाय मधले दोन मीटर दिवे जिथे कुणी पाहत नाही तिथे पेटत राहतात. मग दाराला ५ मीटरची माळ घ्यावी, तर ती ४० सेंटीमीटर कमी पडते, आणि ही कमतरता चौकटीच्या नेमक्या खालच्या कोपऱ्यात उघडी पडते.

तोडगा असा निघतो. पानांच्या तीन माळा घेतल्या की ६ मीटर होतात. त्यांतील ६० सेंटीमीटर सांधे एकमेकांवर चढवण्यात आणि वरच्या दोन कोपऱ्यांवर वळवण्यात जातात. पानांची माळ साधारण १० सेंटीमीटर जाड असते आणि तिच्याभोवती दर २० सेंटीमीटरला एक वेढा घेतला, तर ५.४ मीटरमध्ये १० मीटरची दिव्यांची माळ जवळजवळ पूर्ण सामावते. कठड्यासाठी ५ मीटरची स्वतंत्र माळ घ्यावी आणि वेढ्यांतील अंतर ३० ऐवजी सुमारे १६ सेंटीमीटर ठेवावे, म्हणजे तीही शेवटच्या टोकापर्यंत पुरते. ज्या माळेची लांबी जागेपेक्षा जास्त आहे, तिचे वेढे दाट करून ती जिरवता येते. कमी पडणाऱ्या माळेला मात्र उपाय नसतो, म्हणून दोन मापांमध्ये शंका असेल तर मोठे माप घ्यावे.

यादीत आता चार ओळी झाल्या : १० मीटरची एक माळ, ५ मीटरची एक माळ, पानांच्या तीन माळा, आणि दिव्यांची एक राखीव माळ. दुसऱ्या प्लगपर्यंतची तार कमी पडत असल्यास पाचवी ओळ एक्स्टेंशनची. यादीत नसलेली वस्तू दुकानात कितीही स्वस्त दिसली, तरी ती घेण्यापूर्वी छायाचित्रातील कोणत्या अंधाऱ्या जागेसाठी ती आहे, हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

दुसरी पायरी : केव्हा आणि काय घ्यावे

दिवस जातात तशी सवलत वाढते आणि माल घटतो. म्हणून जुळणाऱ्या छटेच्या वस्तू पहिल्या दोन दिवसांत घ्याव्यात, आणि जिथे छटेने फरक पडत नाही अशा वस्तू, म्हणजे हुक, तारा, बांधण्याच्या पट्ट्या, झाकणाचे डबे, उशिरा घेतल्या तरी चालतात. दिव्यांच्या बाबतीत हे विशेष लागू होते. पांढरा म्हणून विकला जाणारा प्रकाश दोन टोकांचा असतो : २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर, ज्याला वॉर्म व्हाइट म्हणतात, आणि ६००० ते ६५०० केल्विनचा निळसर, म्हणजे कूल व्हाइट. खोक्यावरचे चित्र दोन्हींना सारखेच असू शकते, त्यामुळे छापलेला शब्द किंवा आकडा वाचावा. मी एकदा चित्रावर विसंबून दुसऱ्या प्रकारची माळ आणली, आणि चौकटीचा डावा भाग मेणबत्तीसारखा तर उजवा दवाखान्याच्या ट्यूबलाइटसारखा दिसला. एकाच छटेच्या नावाखालीही निरनिराळ्या वेळी तयार झालेल्या दिव्यांत थोडा फरक पडतो, म्हणून एकाच दर्शनी भागासाठीच्या सगळ्या माळा एकाच वेळी, एकाच प्रकारच्या खोक्यांतून घ्याव्यात. राखीव माळही त्याच वेळी घ्यावी, कारण पुढच्या वर्षी तोच माल मिळेलच असे नाही.

माळ उघड्यावर लावायची असेल, तर खोक्यावर आयपी ही अक्षरे आणि त्यापुढे दोन आकडे पाहावेत. पहिला आकडा धूळ व घन वस्तूंपासूनचे संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे. आयपी २० म्हणजे पाण्यापासून कोणतेही संरक्षण नाही, ती माळ केवळ घरात वापरावी. आयपी ४४ शिंतोडे सहन करते, तर आयपी ६५ पाण्याचा झोत सहन करते. माळेला ४४ हा आकडा असला, तरी तिचा अडॅप्टर किंवा प्लग तितका सुरक्षित असेलच असे नाही, त्यामुळे तो आडोशाला राहील अशीच जागा निवडावी. एकामागे एक किती माळा जोडता येतात, ही मर्यादाही खोक्यावर किंवा तारेवरच्या चिठ्ठीवर दिलेली असते. ती ओलांडल्यास पहिल्या माळेच्या तारेतून तिच्या क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह जातो.

काही वस्तू मात्र सवलतीत मुळीच घेऊ नयेत. चिकटपट्टीचे हुक आणि स्टिकर यांचा गोंद पडून राहिल्याने कमकुवत होतो, रबरी फुगे कडक होतात, आणि पेटीतच सेल घालून दिलेले दिवे किती काळ दुकानात पडून आहेत हे कळत नाही. वर्षाचा आकडा छापलेल्या पताका कुणी घेत नसावे असे वाटते, पण त्या दरवर्षी विकल्या जातात.

तिसरी पायरी : दुकानात आणि घरी तपासणी

दुकानात दर्शनी भागात लटकवलेला नमुना घेण्याचा मोह होतो, कारण त्यावर सवलत सर्वांत जास्त असते. तो दिवसाचे अनेक तास पेटलेला असतो आणि उन्हाकडची बाजू फिकी झालेली असते. पानांच्या माळेत हे ओळखणे सोपे आहे : पाने बाजूला करून देठाजवळचा रंग आणि टोकाचा रंग ताडून पाहावा. टोक स्पष्टपणे फिके असेल, तर माळ उन्हात राहिलेली आहे. कापडी फुलांचा रंग सुटतो का, हे पांढरा ओला रुमाल एका पाकळीवर घासून समजते. रंग लागलाच, तर ती फुले भिंतीला किंवा पांढऱ्या पडद्याला लागतील अशी लावू नयेत.

दिव्यांची माळ दुकानात लावून पाहावी, पण खरी तपासणी घरीच होते आणि ती त्याच संध्याकाळी व्हावी. बंद खोके तसेच कपाटात ठेवणे, ही या खरेदीतील सर्वांत महागडी चूक आहे. माळ पूर्ण उलगडून, कुणी जागे असताना, दोन ते तीन तास पेटती ठेवावी. प्रवाहाचा वापर कमी असलेल्या एलईडी माळाही गुंडाळीत पेटवून ठेवू नयेत, आणि जुन्या पद्धतीच्या तापणाऱ्या बल्बच्या माळेबाबत तर हे कटाक्षाने टाळावे. या काळात प्लगजवळच्या नियंत्रक डबीवर हात ठेवून पाहावा. कोमट लागणे ठीक आहे, परंतु हात ठेववत नसेल, तर ती माळ परत करावी.

काय बिघडले हे माळ स्वतःच सांगते. बहुतेक माळांत दिवे गटागटांनी एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे मधला सलग पट्टा विझलेला आणि बाकीची माळ पेटलेली दिसली, तर त्या गटात कुठेतरी तार तुटली आहे किंवा एखादा दिवा गेला आहे. तार हलवताच दिवे लुकलुकत असतील, तर सांधा सैल आहे आणि वर्षभराच्या साठवणीनंतर तो सुटण्याचीच शक्यता अधिक. नियंत्रकावरचे बटण दाबून सर्व प्रकार एकदा फिरवावेत, आणि शेवटी स्थिर प्रकाशावर आणून सोडावे. अडॅप्टरवर लिहिलेला व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा आताच वहीत उतरवून ठेवावा. पुढच्या वर्षी दोन सारख्या दिसणाऱ्या अडॅप्टरांची अदलाबदल झाली आणि चुकीचा जोडला गेला, तर माळ मंद पेटते किंवा कायमची जाते.

चौथी पायरी : साठवण

माळ किती जागा व्यापेल, याचा अंदाज खरेदीपूर्वीच घ्यावा. दिव्यांच्या माळा लहान जागेत मावतात, पण पानांची माळ फसवी असते. १० सेंटीमीटर जाडीच्या ६ मीटर माळेचा आकार जवळजवळ ४७ लिटर भरतो. ६० × ४० × ३० सेंटीमीटरचा डबा ७२ लिटरचा असतो, म्हणजे त्या एका डब्यात उदाहरणातल्या तीन माळा दाबून न ठेवता बसवल्या, की निम्म्याहून जास्त डबा संपतो. दाबून भरल्यास पाने कायमची वाकतात आणि देठातील तार मोडते. माळेचे मोठे वेटोळे करून ते डब्याच्या तळाशी ठेवावे.

दिव्यांच्या माळेसाठी सुमारे ४० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद असा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना खाचा कापाव्यात. गुंडाळताना सुरुवात माळेच्या शेवटच्या टोकापासून करावी, जेणेकरून प्लग सर्वांत बाहेर राहील. असे केल्यास पुढच्या वर्षी उलगडण्यापूर्वी प्लग लावून क्षणभर पेटवून पाहता येते, आणि लावायला सुरुवातही प्लगच्या बाजूनेच करता येते. १० मीटरच्या माळेचे या पुठ्ठ्यावर १२ ते १३ फेरे होतात. ते एकावर एक न चढवता शेजारी शेजारी घ्यावेत. तार कोपर आणि अंगठ्यामध्ये घट्ट गुंडाळण्याची सवय सोडावी, त्यामुळे तारेत पीळ बसतो आणि सांधे ताणले जातात.

पुठ्ठ्याऐवजी थर्माकोल वापरू नये, हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. सोयीची वाटली म्हणून एका वर्षी मी माळ थर्माकोलच्या पट्टीवर गुंडाळली. पुढच्या वर्षी तार पट्टीत रुतून बसली होती आणि ओढून काढल्यावर तिचे आवरण कडक झाल्याचे दिसले. तारेच्या पीव्हीसी आवरणात लवचीकपणा देणारे द्रव्य असते. ते थर्माकोलमध्ये झिरपते, त्यामुळे थर्माकोल मऊ होऊन विरघळल्यासारखा दिसतो आणि तार ठिसूळ बनते. ठिसूळ आवरण वाकवताना चिरले, की आतली धातूची तार उघडी पडते. अशी माळ चिकटपट्टी लावून वापरण्यापेक्षा टाकून द्यावी. डांबराच्या गोळ्यांची वाफही थर्माकोल आणि काही प्लास्टिकना मऊ करते, त्यामुळे सजावटीच्या डब्यात त्या टाकू नयेत. रबर बँडनेही माळ बांधू नये : काही महिन्यांत रबर चिकट होतो, आणि त्यातील गंधकाने चांदीचा मुलामा काळवंडतो. सुती दोरी किंवा कापडी पट्टी पुरेशी असते.

ज्या वस्तूंत सेल आहेत, त्यांतून ते काढून ठेवावेत. अल्कलाइन सेल पडून राहिल्याने गळतो आणि संपर्काची पत्री गंजते. लहान गोल बटण सेल डब्यात सुटे ठेवू नयेत. ते मुलांच्या हाती लागून गिळले गेल्यास जिवाला धोका असतो, म्हणून बंद डबीत, उंचावर ठेवावेत.

डबा कोरड्या जागी असावा. पत्र्याखालचा पोटमाळा उन्हाळ्यात इतका तापतो की, फुले देठाला चिकटवणारा गोंद मऊ होतो आणि डबा उघडल्यावर फुले तळाशी पडलेली सापडतात. कपाटाचा वरचा कप्पा किंवा पलंगाखालची जागा त्याहून बरी. ओलसर हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकाव्यात, पण त्याआधी सजावट एक दिवस पसरून वाळवावी. ओली माळ बंद डब्यात ठेवली, तर पुड्या काहीच करू शकत नाहीत.

दिव्यांची माळ पानांच्या माळेवर गुंडाळलेलीच ठेवावी का, असा प्रश्न हमखास येतो. त्यामुळे पुढच्या वर्षीचे २७ वेढे वाचतात हे खरे, पण दाबल्या गेलेल्या तारेतील बिघाड मग पानांमध्ये शोधावा लागतो आणि माळ बदलायची झाल्यास सगळे पुन्हा उलगडावे लागते. म्हणून दोन्ही वेगळ्या ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

पाचवी पायरी : चिठ्ठी आणि पुढील वर्षाची तयारी

प्रत्येक पुठ्ठ्यावर जागा, लांबी, छटा आणि अडॅप्टरचा आकडा लिहावा, उदाहरणार्थ : «कठडा, ५ मीटर, वॉर्म व्हाइट, १६ सेंटीमीटरला एक वेढा». अडॅप्टर त्याच पुठ्ठ्याला बांधून ठेवावा. छायाचित्र छापून त्यावर क्रमांक टाकावेत आणि तेच क्रमांक पुठ्ठ्यांवर लिहावेत. तो कागद डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. डब्यात जे आधी लागते, ते सर्वांत वर असावे : हुक, दोरी, कात्री आणि एक्स्टेंशन एका पिशवीत वर, त्याखाली दिव्यांच्या माळा, आणि तळाशी पानांच्या माळा. सजावट करताना प्रत्यक्ष क्रम हुक, पाने, दिवे असा असतो, पण दिवे वर ठेवल्याने ते आधी तपासले जातात आणि वजनाखाली येत नाहीत.

पुढील सणाच्या तीन ते चार आठवडे आधी डबा उघडून प्रत्येक माळ उलगडून पेटवून पाहावी. बिघडलेली माळ आढळली, तर राखीव माळ लगेच पुढे करावी. ती त्याच छटेची असल्याने शोधाशोध उरत नाही, आणि नवी राखीव माळ सण संपल्यावर पुन्हा सवलतीत घेता येते. सजावट लावून झाल्यावर झाकणावरच्या कागदावर त्याच दिवशी एवढे लिहून ठेवावे : कोणती माळ कुठे कमी पडली, कोणत्या जागी हुक टिकला नाही आणि रात्री कोणता कोपरा अंधारा राहिला.